कुंपण किती शेत खाते?

शेताला तारेचे कुंपण घालण्याचा खर्च एका ओळीच्या सूत्राने निघतो. शेताची परिमिती काढायची, तीतून फाटकाची रुंदी वजा करायची, उरलेल्या लांबीला रनिंग फुटाच्या दराने गुणायचे आणि फाटकाचा खर्च वेगळा मिळवायचा. सातवीतल्या मुलाला हे गणित पाच मिनिटांत जमते. शेतमालकाला त्यासाठी दोन उन्हाळे लागतात, कारण पुस्तकातल्या गणितात परिमिती दिलेली असते, दर दिलेला असतो आणि शेजारी दिलेला नसतो.

उदाहरणासाठी वाशीम जिल्ह्यातले एक वावर घ्यावे. सात-बारावर ते ८१ आर ७० चौरस मीटर आहे. गावात त्याला दोन एकर म्हणतात आणि सोयरीक जुळवताना अडीच. दक्षिणेची अरुंद बाजू रस्त्याला लागून आहे, बाकी तिन्ही बाजूंना शेजारी आहेत. पीक सोयाबीन आणि तूर. खाणारे तिघे: मालकाचे कुटुंब, रानडुक्कर आणि रोही. यांत पहिला नंबर कोणाचा, हे दरवर्षी बदलते आणि तेवढ्यासाठीच कुंपणाचा विषय निघतो. पुढे येणारे रुपयांचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत. लोखंडाचा भाव वर गेला किंवा तालुका बदलला तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पहिला घोटाळा परिमितीच्याही आधी होतो. बियाणे, खत, फवारणी, नांगरटी या सगळ्यांचा खर्च शेतकरी एकरावर मोजतो, म्हणून कुंपणाबद्दलही त्याचा पहिला प्रश्न "एकरी किती पडते?" हाच असतो. पण कुंपण धुऱ्याधुऱ्याने चालते आणि आत किती जमीन आहे याची त्याला खबर नसते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हे एकर अगदी चौकोनी असेल तर एक बाजू सुमारे २०९ फूट आणि चारी बाजू मिळून ८३५ फूट. तेच एकर ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब असेल तर परिमिती १,४५२ फूट होते. एक साखळी, म्हणजे ३३ फूट रुंद आणि १,३२० फूट लांब अशी पट्टी असेल तर २,७०६ फूट. जमीन तेवढीच, सोयाबीन तेवढेच, शेतसारा तेवढाच, पण कुंपण तिपटीहून जास्त. असे पट्टीसारखे शेत दाखवून "एकरी किती?" विचारणे म्हणजे धोतर आणि टोपी एकाच वजनाची आहेत म्हणून शिलाईही एकच मागण्यासारखे आहे.

याचीच दुसरी बाजू अशी की एक एकराला ८३५ फूट लागले म्हणून दोन एकरांना १,६७० लागत नाहीत. चौकोनी दोन एकरांची परिमिती १,१८१ फूट भरते. क्षेत्र दुप्पट झाले तर परिमिती फक्त सव्वापट-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी वाढते. कुंपणाच्या गणितात मोठ्या खातेदाराला अशी सवलत आहे. ही सवलत कोणत्याही सरकारने दिलेली नाही, ती वर्गमुळाने दिली आहे आणि म्हणूनच ती अजून बंद झालेली नाही.

आता प्रत्यक्ष मोजमाप. शेताच्या हद्दीबद्दल वाद असेल, किंवा वाद नाही असे दोन्ही शेजारी जरा जास्तच ठासून सांगत असतील, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्यावी लागते. तिथे अर्ज आणि फी भरली की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात आणि ठरलेल्या दिवशी भूकरमापक येतो. एरवी धुऱ्यावरचे गवत कापायलाही न येणारा शेजारी त्या दिवशी भल्या सकाळी हजर असतो. मोजणी झाली की हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची प्रत मिळते. या खुणा ज्या दगडांनी पक्क्या करायच्या, ते दगड त्याच दिवशी गाडावेत. रात्रीतून दगडाला पाय फुटल्याची उदाहरणे भूगर्भशास्त्रात नसली तरी गावात आहेत.

मोजणी करून घेणे जमत नसेल तर लोक तीन साधने वापरतात: पावले, दोरी आणि मोबाइल. पाऊल अडीच फुटांचे धरतात. ते रस्त्याच्या बाजूला अडीच फुटांचेच पडते. शेजाऱ्याच्या बाजूने चालताना मात्र शेतकऱ्याची ढांग वाढते. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, त्यामुळे दोन टोकांना कोण उभे आहे आणि त्यांचे आपसात कसे आहे, यावर शेताची लांबी ठरते. मोबाइलवरचा नकाशा कोपरा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. शंभर एकरांच्या रानात हे खपून जाईल. दोन एकरांच्या वावरात मात्र पाच मीटर म्हणजे साडेसोळा फूट, आणि तेवढ्यात शेजाऱ्याचे बांधावरचे आंब्याचे झाड फळांसकट आत येते.

खर्चाच्या अंदाजासाठी १०० फुटांचा टेप पुरतो, फक्त पीक निघाल्यावर, रान मोकळे असताना मोजावे. यातही एक जुनी युक्ती उपयोगी पडते. टेप पुढे धरणाऱ्याने खिशात पाच-सात खडे ठेवायचे आणि दर १०० फुटांना एक खडा मागच्या माणसाकडे द्यायचा. शेवटी खडे मोजायचे. ही खबरदारी न घेतल्यास तिसऱ्या आणि चौथ्या टेपाच्या मध्ये हमखास कोणाचा तरी फोन येतो, "तीन झाले का चार?" यावर दोन साक्षीदारांचे दोन जबाब होतात आणि शेताच्या परिमितीतून १०० फूट नाहीसे होतात. सरकारी नकाशावरची लांबी मीटरमध्ये असते, तिला ३.२८ ने गुणून फूट करावेत. हे विसरून मीटरच्या आकड्याला फुटाचा दर लावला की कुंपण तिसरा हिस्सा किमतीत होते. हा आनंद ठेकेदार येईपर्यंत टिकतो.

उदाहरणातल्या वावराच्या चार बाजू नकाशाप्रमाणे ४१५, ४०७, २११ आणि २१७ फूट भरतात. बेरीज १,२५०. पण खांब हद्दीच्या रेषेवर रोवत नाहीत, आपल्या बाजूने थोडे आत घेतात. खड्डा खणताना धुरा ढासळू नये, तिरपे आधार शेजाऱ्याच्या रानात जाऊ नयेत आणि पुढेमागे मोजणी झाली तर खांब उपटायची वेळ येऊ नये, म्हणून दीड फूट सोडणे शहाणपणाचे. दीड फूट आत आल्यावर प्रत्येक बाजू तीन फुटांनी कमी होते: ४१२, ४०४, २०८ आणि २१४. म्हणजे कुंपणाची रेषा १,२३८ फुटांची. खर्च या रेषेचा काढायचा.

इथे एका जुन्या म्हणीचा हिशेबही उरकता येतो. कुंपणच शेत खाते असे म्हणतात. किती खाते ते म्हणीत सांगितलेले नाही. १,२५० फुटांच्या हद्दीत दीड फूट रुंदीची पट्टी बाहेर राहिली, तर तिचे क्षेत्र १,८६६ चौरस फूट होते. गुंठ्याला १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १.७ गुंठे. हे खाणे एकदाच होते आणि दरवर्षी डुकराने खाल्लेल्या सोयाबीनपेक्षा पुष्कळ कमी असते.

यानंतर येतो दर. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबीचा फूट. उंची किती, तारा किती, खांब किती अंतरावर, हे त्या शब्दात कुठेच नसते. ठेकेदार धुऱ्यावर उभा राहून गुटख्याची पुडी फोडतो आणि म्हणतो, "भाऊ, शंभरात करून देतो, सगळं आलं त्याच्यात." या वाक्यातल्या 'सगळं' या शब्दाची फोड करणे, हाच कुंपणाच्या अंदाजपत्रकाचा मुख्य भाग आहे.

उदाहरणात सात फुटी सिमेंटचे खांब दहा-दहा फुटांवर आहेत. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर आणि त्यांवर काटेरी तारेच्या पाच ओळी. फाटक दक्षिणेच्या बाजूला, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातच, १२ फूट रुंद. त्यामुळे तारेची लांबी १,२३८ वजा १२, म्हणजे १,२२६ फूट.

खांब मोजताना शाळेपासून चालत आलेली एक चूक होते. सरळ रेषेत १०० फुटांवर दहा-दहा फुटांनी खांब लावायचे असतील तर दहा नव्हे, अकरा लागतात, कारण शेवटच्या टोकालाही खांब हवा. शेताला पूर्ण वळसा घातला की हा जादा खांब लागत नाही. शेवटचा आणि पहिला खांब एकच होतो. पण फाटक ठेवले की वळसा पुन्हा तुटतो आणि जादा खांब परत येतो. प्रत्येक बाजूचे गाळे वेगळे धरले तर ४१२ फुटांत ४२, ४०४ मध्ये ४१, २०८ मध्ये २१ आणि फाटक वजा जाता २०२ मध्ये २१, असे १२५ गाळे होतात. खांब १२६. यांतले फाटकाच्या दोन्ही बाजूंचे दोन लोखंडी आणि फाटकाच्या खर्चात जाणारे. उरले १२४ सिमेंटचे.

यावर ठेकेदाराचा आणि मालकाचा दोघांचाही हिशेब थांबतो, आणि कुंपण पडायला सुरुवात इथूनच होते. ताणलेली तार कोपऱ्यावरच्या खांबाला दोन दिशांनी आत ओढत असते. पाच ओळींची ओढ मिळून उभा खांब वाकवायला पुरेशी असते, म्हणून कोपऱ्यावर प्रत्येक दिशेला एक तिरपा खांब टेकू म्हणून द्यावा लागतो. इथे साध्या तीन कोपऱ्यांवर सहा टेकू, फाटकाच्या दोन खांबांना एकेक, आणि लांब बाजूंवर साधारण दर १०० फुटांना एका खांबाला दोन्ही बाजूंनी. अशा जागा पूर्वेला तीन, पश्चिमेला तीन आणि उत्तर-दक्षिणेला एकेक, म्हणजे आठ. त्यांचे टेकू सोळा. एकूण २४. उभे १२४ आणि तिरपे २४ मिळून १४८ खांब. भावकीत जसे उभे राहणाऱ्यांपेक्षा टेकू देणाऱ्यांची गणती नेहमी राहून जाते, तसे यांचेही होते.

तारेची भाषा वेगळी आहे. तार दुकानात किलोवर मिळते आणि शेतात फुटावर लागते. १,२२६ फुटांच्या पाच ओळी म्हणजे ६,१३० फूट, मीटरमध्ये १,८६८. बारा गेजच्या काटेरी तारेचे एका किलोत साधारण आठ मीटर भरतात, म्हणजे २३४ किलो. गाठी मारणे, खांबाला वेढे देणे आणि बंडलाच्या टोकाची नासधूस यांसाठी पाच टक्के वाढवले की २४५ किलो. गेजचा आकडा मात्र उलटा चालतो. चौदा गेजची तार बारा गेजपेक्षा बारीक असते. "बाराची काय लावता, आपण चौदाची लावू," असे ठेकेदार म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला दोन गेज फुकट मिळाल्यासारखे वाटते. चौदा गेजच्या तारेचे किलोला साधारण तेरा मीटर भरतात, त्यामुळे तेवढ्याच पाच ओळी १५१ किलोंत होतात. वाचलेली ९४ किलो तार मालकाच्या शेतात दिसत नाही आणि बिलातही दिसत नाही. शंका असेल तर दहा मीटर तार कापून दुकानाच्या काट्यावर ठेवावी. सव्वा किलोच्या आसपास भरली तर बारा गेजची, पाऊण किलो भरली तर चौदाची.

आता फोड पूर्ण करता येते. खांब ३८० रुपयांना एक धरला तर उभ्या खांबांचे ४७,१२० आणि टेकूंचे ९,१२०. प्रत्येक खांबाचा खड्डा, त्यातले काँक्रीट आणि मजुरी २०० रुपये धरली तर १४८ खड्ड्यांचे २९,६००. तार ९० रुपये किलोने २२,०५०. तार ओढून बांधायची मजुरी फुटाला पाच रुपयांनी ६,१३०. बेरीज १,१४,०२०. हिला १,२२६ ने भागले की फुटाला ९३ रुपये. यात वाहतूक, बांधणीची तार, उतरवताना फुटणारे खांब आणि ठेकेदाराचे पोट आलेले नाही. ते धरून ११० रुपये हा दर वाजवी ठरतो आणि तारेच्या कुंपणाचा खर्च १,३४,८६० रुपये होतो.

त्याच गावात दुसरा ठेकेदार ८५ रुपयांत काम करायला तयार असतो. १,२२६ फुटांचे त्याचे १,०४,२१० रुपये होतात, म्हणजे पहिल्याच्या नुसत्या मालमजुरीपेक्षाही जवळजवळ दहा हजार कमी. मालकाला हा माणूस देवमाणूस वाटतो. प्रत्यक्षात तो तीन गोष्टी करतो. चोवीस टेकू लावतच नाही, खड्ड्यांसकट त्याचे १३,९२० रुपये वाचतात. तार चौदा गेजची घेतो, ८,४६० वाचतात. खांब दहाऐवजी बारा फुटांवर लावतो, त्यात २१ खांब कमी लागतात आणि १२,१८० वाचतात. त्याचा स्वतःचा खर्च ७९,४६० रुपयांवर येतो. ११० रुपये घेणाऱ्याच्या हातात वरखर्चासाठी २०,८४० रुपये उरतात, तर ८५ घेणाऱ्याच्या हातात २४,७५०. स्वस्तात काम करणारा असा जास्त कमावतो, आणि वर उपकारही करतो.

चौथी बचत जमिनीच्या आत असते. सात फुटी खांबासाठी दोन फुटांचा खड्डा ठरलेला असतो, पण काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि दीड फुटावर मजुराची पहार कंटाळते. खांब दीड फुटावर उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला कुंपण अर्धा फूट जास्त उंच दिसते आणि मालक शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतो. जमिनीवर जितके जास्त दिसते तितके जमिनीत कमी आहे, एवढे साधे वजाबाकीचे गणित त्या कौतुकात राहून जाते. हे ओळखायला खांब उपटावा लागत नाही. टेपने जमिनीवरची उंची मोजावी. पाच फुटांपेक्षा जास्त भरली तर खड्डा कमी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या फुगण्या-आटण्याने उथळ खांब हळूहळू सैल होतात. दोन पावसाळ्यांनंतर असे कुंपण रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे किंचित झुकून पाहू लागते. म्हणून भारी काळ्या मातीत उलट अर्धा फूट जास्तच खोल जावे आणि खांब त्या मानाने लांब घ्यावा.

फाटकाची तऱ्हा आणखी निराळी. कुंपण फुटावर ठरते, फाटक किलोवर. फॅब्रिकेशनवाला पाइप आणि अँगलचे वजन करतो, त्यावर घडाई आणि रंग धरून किलोचा दर सांगतो. १२ फूट रुंद, पाच फूट उंच, दोन पाखी फाटकाचे वजन ९० किलो आणि दर १२० रुपये धरला तर १०,८०० रुपये. दोन लोखंडी खांब, त्यांचे काँक्रीट, बिजागरी आणि कडी यांचे सहा हजार. एकूण १६,८००.

फाटकाची रुंदी माणूस आपल्या रोजच्या वाहनावरून ठरवतो आणि नंतर वर्षातून एकदा येणाऱ्या वाहनापुढे हात टेकतो. ट्रॅक्टर दहा फुटांतून सहज जातो. ट्रॉलीसह वळण घ्यायचे असेल, रस्ता अरुंद असेल तर बारा फूट लागतात. सोयाबीन काढणारे हार्वेस्टर चौदा फुटांच्या आसपास रुंद असते. ते दारात येऊन उभे राहिले, आत पीक वाळलेले आहे आणि पश्चिमेला आभाळ भरून आले आहे, अशा वेळी नव्या फाटकाशेजारचे दोन गाळे तोडावे लागतात. ते पुन्हा कधीच पहिल्यासारखे बसत नाहीत. हार्वेस्टर वापरायचे असेल तर सोळा फूट धरावेत. दर चार फुटांना फाटकाचा खर्च वाढतो आणि तारेचा ४४० रुपयांनी कमी होतो. फाटकाची रुंदी परिमितीतून वजा झाली का, हेही बिलात पाहावे. न झाल्यास इथे १,३२० रुपये अशा तारेचे जातात जी फक्त फाटक बंद असताना कल्पनेने दिसते.

आणखी एक गोष्ट फाटकाची संख्या ठरवते. वावरातून एखाद्या शेजाऱ्याची वहिवाटीची वाट जात असेल आणि कुंपणाने ती अडली, तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो आणि अडथळा काढण्याचा आदेश आणू शकतो. अशा वेळी एका फाटकाचे गणित दोन फाटकांचे होते, आणि दुसऱ्या फाटकाला कुलूप लावता येत नाही.

सगळे एकत्र केले तर वावराचे उत्तर असे: १,२२६ फूट गुणिले ११० रुपये, म्हणजे १,३४,८६०, अधिक फाटकाचे १६,८००, एकूण १,५१,६६० रुपये. या पैशात गुरे आणि माणसे बाहेर राहतात. रोही पाच फुटांवरून उडी मारू शकतो. रानडुक्कर खालच्या तारेखालून जाते, म्हणून ती तार जमिनीपासून सात-आठ इंचांपेक्षा वर नसावी आणि नाल्याच्या खोलगटात तिच्याखाली आणखी एक तुकडा ओढावा. काही जण याला उपाय म्हणून तारेत घरची वीज सोडतात. त्याने डुकराआधी माणूस मरतो आणि मालक तुरुंगात जातो. सौर झटका यंत्र क्षणभराचे ठोके देते आणि त्यासाठीच बनवलेले असते. त्याचा खर्च वेगळा.

हेच सूत्र शेवटी वाटणीला लावून पाहावे, कारण दोन एकरांचे वावर फार काळ एकाच नावावर राहत नाही. रस्ता दक्षिणेच्या अरुंद बाजूला आहे आणि रस्ता प्रत्येकाला हवा आहे. म्हणून दोन भाऊ वावर आडवे न तोडता लांबीत उभे चिरतात. मध्ये सुमारे ४०८ फुटांचा नवा धुरा पडतो. आडवे तोडले असते तर तो २११ फुटांत उरकला असता, पण मग एकाला रस्ता आणि दुसऱ्याला त्याचे पाय धरणे आले असते. दोघांनी आपापले स्वतंत्र कुंपण घातले तर मधल्या धुऱ्याची तार दोनदा येते. एकूण लांबी १,२३८ वरून २,०५४ फूट होते, फाटके दोन होतात आणि खर्च २,५६,९०० रुपयांवर जातो. म्हणजे न बोलण्याची किंमत १,०५,२४० रुपये. पुढच्या पिढीत चार वाटे झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या एकराची पट्टी आणि ९२१ फुटांचे कुंपण येते. अर्ध्या एकराभोवती चौकोनी एकरापेक्षा जास्त तार.

मधल्या धुऱ्यावर दोघांनी मिळून एकच कुंपण घातले तर त्याचे ४४,८८० रुपये होतात आणि प्रत्येकाला २२,४४० पडतात. हा पर्याय गणिताने सर्वांत चांगला आहे आणि तो क्वचितच निवडला जातो. दोघेही भाऊ हद्दीपासून दीड-दीड फूट आत येऊन आपापले खांब रोवतात. दोन कुंपणांच्या मध्ये तीन फूट रुंदीची आणि ४०८ फूट लांबीची, सुमारे १.१ गुंठ्याची गल्ली तयार होते. ती सात-बारावर दोघांची असते आणि तिच्यात दोघेही पाय ठेवत नाहीत. पावसाळ्यात तिथे कमरेएवढे गवत वाढते, दोन्ही बाजूंना पाच-पाच ओळींची बारा गेजची तार असल्यामुळे कुत्रीही आत शिरत नाहीत, आणि रस्त्यापासून थेट मागच्या धुऱ्यापर्यंत रानडुकराला निर्धोक वाट मिळते.